नॅचरलला 3:2 की सॉफ्ट 17 ला थांबणारा डीलर : कोणतं टेबल धरावं?

प्रश्न : ब्लॅकजॅकची दोन टेबलं शेजारी आहेत, दोन्हीकडे सहा कॅट आणि बाकी नियम सारखेच. एकीकडे डीलर सॉफ्ट 17 वर, म्हणजे एक्का 11 धरून झालेल्या 17 वर, आणखी पत्ता घेतो, पण नॅचरलला, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच 21 झाले तर, 3:2 मिळतात. दुसरीकडे डीलर 17 ला थांबतो, पण नॅचरलला 6:5 मिळतात. माझ्या मते 6:5 म्हणजे थोडंच कमी. आणि डीलरने जास्त पत्ते घेतले तर तो जास्त वेळा बस्ट होईल, म्हणजे 21 च्या पुढे जाऊन हरेल, मग ते माझ्या फायद्याचंच नाही का? कोणत्या टेबलावर बसू?

उत्तर :

पहिल्या टेबलावर बसा. तिथे हाऊस एज, म्हणजे पैजेमागे कॅसिनोचा सरासरी फायदा, साधारण 0.6 टक्के आहे आणि दुसऱ्यावर साधारण 1.8 टक्के, म्हणजे जवळजवळ तिप्पट. मी बरीच वर्षं टेबलामागे उभं राहून पत्ते वाटले आणि पुढे याच खेळाच्या नियमांचं गणित तपासण्याचं काम केलं. तुमच्या मनात जे दोन समज आहेत तेच मी शेकडो खेळाडूंकडून ऐकले आहेत. दोन्ही वरवर पटतात, म्हणून दोन्ही सावकाश उलगडून सांगतो.

आधी 6:5 बघू, कारण खरा पैसा तिथे जातो. पैज 10 चिप्सची असेल तर 3:2 ने नॅचरलला 15 चिप्स मिळतात आणि 6:5 ने 12. फरक तीन चिप्सचा. एका डावाकडे बघितलं तर तो किरकोळ वाटतो, आणि शिवाय जिंकलेल्या डावात कमी मिळालेलं कुणाला टोचत नाही. पण हा डाव किती वेळा येतो ते मोजा. सहा कॅटमध्ये 312 पत्ते असतात. त्यात 24 एक्के आणि दहा किमतीचे 96 पत्ते, म्हणजे दश्शी, गुलाम, राणी, राजा. पहिल्या दोन पत्त्यांत एक एक्का आणि एक दहा किमतीचा पत्ता येण्याची शक्यता अशी :

2 × (24/312) × (96/311) = 0.0475

म्हणजे पावणेपाच टक्के, साधारण 21 डावांत एकदा. त्यातल्या काही वेळा डीलरकडेही नॅचरल असतं आणि डाव बरोबरीत सुटतो. तुमचे दोन पत्ते बाजूला काढल्यावर डीलरलाही नॅचरल लागण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास राहते. तेवढे डाव वजा केले की पैसे मिळतील अशी नॅचरल्स उरतात 4.53 टक्के. प्रत्येक वेळी पैजेच्या तीन दशांश एवढं कमी मिळतं, म्हणून 0.3 ला 4.53 टक्क्यांनी गुणा. उत्तर येतं 1.36 टक्के. हा आकडा तुमच्या खेळण्याच्या पद्धतीवर अवलंबून नाही. नॅचरल आल्यावर तुम्हाला काही ठरवायचंच नसतं. त्यामुळे कितीही चांगलं खेळलात तरी यातला एक पैसाही परत मिळवता येत नाही.

काही ठिकाणी नॅचरलला 1:1, म्हणजे पैजेएवढेच पैसे देतात. तिथे अर्धी पैज जाते, आणि तोच हिशोब केला की 2.27 टक्के येतात. अशा टेबलावर मी एक डावही खेळणार नाही.

आता सॉफ्ट 17. हा भाग मला जास्त रंजक वाटतो, कारण तुमचा तर्क अर्धा खरा आहे. डीलर सॉफ्ट 17 वर पत्ता घ्यायला लागला की तो खरंच जास्त वेळा बस्ट होतो. डीलरचं बस्ट होण्याचं एकूण प्रमाण 28.2 टक्क्यांवरून 28.6 टक्क्यांपर्यंत चढतं. तरीही तुमचं नुकसान होतं. त्याचं कारण एकच : 17 हा डीलरसाठी अतिशय वाईट आकडा आहे. बस्ट न होता डीलर ज्यावर थांबू शकतो त्यातला हा सर्वांत खालचा. 17 वर थांबलेला डीलर फक्त बस्ट झालेल्या किंवा 16 च्या आत थांबलेल्या खेळाडूकडून जिंकतो. म्हणजे त्याला 17 वर थांबायला लावणारा नियम तुम्हाला दिलेली सवलत असते, आणि पत्ता घ्यायला लावणारा नियम ती सवलत काढून घेतो.

एक डाव जवळून बघू. तुमच्याकडे राजा आणि अठ्ठी, म्हणजे 18. डीलरची छक्की उघडी. तुम्ही थांबता. डीलर झाकलेला पत्ता उलटतो आणि एक्का निघतो. सॉफ्ट 17. दुसऱ्या टेबलावर डाव इथेच संपला असता आणि तुम्ही नक्की जिंकला असता. पहिल्या टेबलावर डीलर पुढचा पत्ता ओढतो.

त्याला एक्का, दुर्री, तिर्री किंवा चव्वी आली तर तो लगेच 18 ते 21 मध्ये कुठेतरी पोचतो आणि थांबतो. दहा किमतीचा पत्ता आला तर एक्का 11 चा 1 होतो आणि तो पुन्हा 17 वरच, पण आता हार्ड 17, म्हणून तिथेच थांबतो. पंजी ते नव्वी यांपैकी काही आलं तरच तो 12 ते 16 च्या अडचणीत सापडतो आणि त्याला पुढे ओढावं लागतं. एक्का 1 धरायची मुभा असल्याने पहिल्याच पत्त्याला तो बस्ट होऊ शकत नाही, हे लक्षात घ्या. पूर्ण झाड मांडून मोजलं की सॉफ्ट 17 वरून निघालेला डीलर शेवटी कुठे पोचतो ते दिसतं. साधारण 34 टक्के वेळा तो 17 वरच राहतो, 21 टक्के वेळा बस्ट होतो, आणि उरलेल्या जवळजवळ 45 टक्के वेळा 18, 19, 20 किंवा 21 गाठतो. चौघांना साधारण 11-11 टक्के मिळतात. (हे आकडे पत्त्यांचा साठा अमर्याद धरून काढले आहेत. सहा कॅटमध्ये फरक दशांशांचा पडतो.)

आता तुमच्या 18 चं काय झालं? डीलर 17 वर राहिला किंवा बस्ट झाला, म्हणजे 55 टक्के वेळा, तुम्ही जिंकता. 11 टक्के वेळा बरोबरी. 33 टक्के वेळा हरता. म्हणजे जो डाव तुमच्या हातात पूर्ण आलेला होता, त्याची किंमत एका पैजेवरून पैजेच्या 22 टक्क्यांवर घसरली. 17 असतं तर बरोबरीच्या जागी पैजेच्या 23 टक्के तोटा पडला असता. 20 वरसुद्धा हमखास जिंकायचा डाव 67 टक्क्यांवर आला असता.

फायदा होतो तो फक्त 12 ते 16 वर थांबलेल्या खेळाडूचा. त्याचा डाव सॉफ्ट 17 समोर तसाही गेलेलाच होता. आता डीलर 21 टक्के वेळा बस्ट होतो म्हणून तो तेवढ्या वेळा वाचतो, आणि पैजेमागे सरासरी 42 टक्के परत मिळवतो. डीलरचं बस्ट होणं वाढलं की आपलं भलं, हा समज नेमका या डावांवरून तयार होतो. चौदावर थांबून बसलेला माणूस डीलरची सॉफ्ट 17 बस्ट होताना बघतो आणि टाळी वाजवतो. अठरावर बसलेल्या शेजाऱ्याच्या हातून नक्की मिळणारे पैसे निसटतात ते त्याला दिसत नाही.

मग दोन्ही मिळून एकूण तोटाच का? डीलरची छक्की उघडी असताना तुम्ही 12 ते 16 वर थांबता, त्यामुळे तिथे फायदा आणि तोटा बऱ्याच अंशी एकमेकांना खातात. पण डीलरचा एक्का उघडा असतो तेव्हा तुम्ही 12 ते 16 वर थांबत नाही. पत्ता घेता, आणि एकतर आधीच बस्ट होता किंवा 17 च्या पुढे जाता. बस्ट झालेल्याला डीलरच्या बस्टचा काडीचा उपयोग नाही, आणि 17 च्या पुढे गेलेल्याला फक्त तोटा आहे. उघड्या एक्क्यावर, झाकलेलं नॅचरल नाही हे तपासून झाल्यानंतर, डीलर बस्ट होण्याचं प्रमाण 17 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर जातं. तरीही या नियमाचा खरा मार तुम्हाला तिथेच बसतो.

इतका त्रासदायक नियम असूनही त्याची एकूण किंमत साधारण 0.2 टक्केच का, तर तो क्वचित लागू होतो म्हणून. पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का-छक्की येण्याची शक्यता 1.2 टक्के आहे. एक्का-दुर्री-चव्वी, एक्का-पंजी-एक्का असे तीन-चार पत्त्यांचे रस्ते धरले तर डीलर साधारण 55 डावांत एकदा सॉफ्ट 17 वर येतो. तुमचं नॅचरल मात्र 21 डावांत एकदा. एक नियम क्वचित लागतो आणि त्यातही फायदा-तोटा एकमेकांना काही अंशी छेदतात. दुसरा वारंवार लागतो आणि दर वेळी फक्त वजाच करतो. दोन्ही नियमांच्या किमतीत सहा-सातपट फरक पडतो तो यामुळे.

आता तुमची दोन टेबलं चिप्समध्ये मांडू. सहा कॅट, स्प्लिट म्हणजे जोडीचे दोन वेगळे हात केल्यावर डबल म्हणजे पैज दुप्पट करून एकच पत्ता घ्यायची मुभा, सरेंडर म्हणजे अर्धी पैज देऊन डाव सोडायची मुभा नाही, डीलर 17 ला थांबतो, नॅचरलला 3:2, आणि खेळाडू बेसिक स्ट्रॅटेजी, म्हणजे प्रत्येक हातासाठी गणिताने ठरलेली सर्वोत्तम चाल, नीट पाळतो. अशा टेबलाचं हाऊस एज 0.4 टक्क्यांच्या आसपास असतं. दर डावाला 10 चिप्स, असे 1000 डाव खेळलात तर सुरुवातीच्या पैजा मिळून 10,000 चिप्स होतात आणि सरासरी 40 जातात. सॉफ्ट 17 वर पत्ता घेणारा डीलर आला की 40 चे 60 होतात. हे तुमचं पहिलं टेबल. डीलर थांबतो पण 6:5 मिळतात, तिथे 1000 डावांत सुमारे 45 नॅचरल्सवर तीन-तीन चिप्स कमी, म्हणजे 136 चिप्स जास्त जातात, आणि 40 चे 175-180 होतात. हे दुसरं टेबल. दोन्ही वाईट नियम एकाच ठिकाणी असले तर 200 च्या आसपास. ही टक्केवारी नेहमी सुरुवातीच्या पैजेवर काढलेली असते, डबल किंवा स्प्लिट करताना वाढवलेल्या पैशांवर नाही, हे लक्षात असू द्या. नाहीतर वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे जुळत नाहीत.

पहिल्या टेबलावर बसल्यावर खेळात थोडे बदल करावे लागतील. वर दिलेला 0.2 चा आकडा ते बदल केले आहेत असं धरून आहे. तुमचे 11 आणि डीलरचा एक्का असेल तर डबल करा. तुमच्याकडे एक्का-अठ्ठी आणि डीलरची छक्की असेल तर एरवी थांबायचं असतं, इथे डबल करा. एक्का-सत्तीवर डीलरच्या दुर्रीसमोरही डबल. सरेंडर मिळत असेल तर डीलरच्या एक्क्यासमोर 15, 17 आणि अठ्ठ्यांची जोडी सोडून द्या. हार्ड 17 सोडून द्यायचं हे ऐकून लोक दचकतात. पण डीलर सॉफ्ट 17 वर थांबणारच नसेल तर तुमच्या 17 ला बरोबरीचा आधारही पूर्वीइतका उरत नाही. हे बदल विसरलात तरी फार मोठं नुकसान नाही, ते टक्क्याच्या बारीकशा अंशात असतं. 6:5 च्या टेबलावर बसण्याची चूक त्याच्या कितीतरी पट महाग आहे.

आणखी एक गोष्ट मला वारंवार दिसली. 6:5 चं टेबल अनेकदा दुसऱ्या एखाद्या चांगल्या नियमाच्या आड उभं असतं. सर्वांत प्रभावी आडोसा म्हणजे एकच कॅट. कमी कॅट खेळाडूला फायद्याचे असतात हे बऱ्याच जणांनी कुठेतरी ऐकलेलं असतं आणि ते खरंही आहे. एक कॅट, डीलर 17 ला थांबतो आणि 3:2, असं टेबल मिळालं तर हाऊस एज शून्याच्या जवळ येतं. पण एका कॅटमध्ये नॅचरल किंचित जास्त वेळा येतं, 4.83 टक्के, आणि डीलरशी बरोबरी कमी वेळा होते. त्यामुळे 6:5 चा फटका उलट थोडा वाढतो आणि 1.4 टक्क्यांवर जातो. लास वेगासमध्ये 2000 नंतरच्या काही वर्षांत एका कॅटच्या टेबलांवर 6:5 पसरलं ते असंच. मी वाटत असताना एक गृहस्थ रोज संध्याकाळी एका कॅटच्या टेबलावरच बसायचे. सहा कॅटचं टेबल म्हणजे लूट, असं त्यांचं ठाम मत. शेजारच्या सहा कॅटच्या टेबलावर 3:2 मिळत होते आणि यांच्यावर 6:5. वाटणाऱ्याने खेळाडूला असं काही सांगायचं नसतं, म्हणून मी गप्प राहिलो. ते मला अजून खटकतं.

बाकीचे चांगले नियम एकत्र केले तरी ही भरपाई होत नाही. स्प्लिटनंतर डबल साधारण 0.14 टक्के देतं, लेट सरेंडर आणि एक्के पुन्हा स्प्लिट करायची मुभा प्रत्येकी 0.08 च्या आसपास. तिन्हींची बेरीज 0.3. सॉफ्ट 17 चा तोटा त्यात निघतो, 6:5 चा चौथा हिस्साही निघत नाही.

तुम्ही कदाचित म्हणाल, दोन्ही टेबलांवर चार-चार तास बसून बघतो. त्यातून काही कळणार नाही. ब्लॅकजॅकमध्ये एका डावाचा चढउतार पैजेच्या सुमारे 1.15 पट असतो. 10 च्या पैजेने 1000 डाव खेळलात तर निकाल सरासरीच्या 360 चिप्स वर-खाली सहज हलतो. 6:5 चा 136 चिप्सचा फटका त्यात बुडून जातो, आणि सॉफ्ट 17 चे 20 चिप्स तर दिसणारही नाहीत. त्यामुळे '6:5 च्या टेबलावर मी काल जिंकलो' हा पुरावा होत नाही.

नियम ओळखायचा तो टेबलावरच्या कापडावरून. कमानीच्या आकाराच्या ओळीत 'डीलर मस्ट ड्रॉ टू 16 अँड स्टँड ऑन ऑल 17' असं असेल तर तो थांबतो. 'डीलर हिट्स सॉफ्ट 17' असेल तर घेतो. नॅचरलचा दर तिथेच किंवा टेबलाच्या कडेच्या छोट्या पाटीवर असतो. कधी कापड जुनं असतं आणि पाटी नवी, तेव्हा पाटी खरी धरा. शंका आली तर चिप्स ठेवण्याआधी डीलरला थेट विचारा : नॅचरलला 10 वर किती देता? 15 म्हणाला तर बसा. बघून ओळखू म्हणाल तर सॉफ्ट 17 ची वाट बघण्यातच 50-60 डाव जातील.

पैजेचा आकडासुद्धा बघा. 6:5 पाचाच्या पटीतच सरळ निघतं. 3 ची पैज असेल तर 3.6 देणं लागतं, आणि लहान चिप नसेल तर बऱ्याच ठिकाणी खाली धरून 3 च देतात, म्हणजे तुम्ही नकळत 1:1 च्या टेबलावर खेळता. 3:2 वरही विषम पैजेला अर्धी चिप अशीच उडते, म्हणून तिथे पैज सम ठेवा.

आणि कधी नाइलाजाने 6:5 वर बसावंच लागलं तर एक जुना नियम तिथे उलटा होतो. तुमच्याकडे नॅचरल आणि डीलरचा एक्का उघडा असला की 3:2 च्या टेबलावर 'इव्हन मनी', म्हणजे डीलरचा पत्ता उलटण्याआधीच पैजेएवढे पैसे, घेऊ नये असं शिकवतात, आणि ते बरोबर आहे. सहा कॅटमध्ये डीलरकडे नॅचरल नसण्याची शक्यता 69 टक्के, गुणिले 1.5, म्हणजे थांबल्यास सरासरी 1.04 पैजा. हमखास मिळणाऱ्या एका पैजेपेक्षा ते जास्त. 6:5 वर मात्र तेच 69 टक्के गुणिले 1.2, म्हणजे 0.83. तिथे कुणी इव्हन मनी देऊ केली तर लगेच घ्या. बहुतेक ठिकाणी 6:5 वर ती देऊ करतच नाहीत, फक्त इन्शुरन्स, म्हणजे डीलरकडे नॅचरल निघेल यावरची वेगळी पैज, देतात. तो घेऊ नका. 6:5 वर इन्शुरन्स आणि इव्हन मनी एकच नसतात. अर्ध्या पैजेचा इन्शुरन्स घेतला आणि डीलरकडे नॅचरल निघालं नाही, तर 1.2 मधून 0.5 जाऊन तुमच्या हाती 0.7 च राहतात. सरासरी 0.79 पडते, म्हणजे काहीच न करता थांबण्यापेक्षाही कमी.